दुकानाचे भाडे आणि मेंटेनन्स एकाच बिलात: या चुका टाळा

गाळेमालक आणि दुकानदार यांच्यात भाड्यावरून सहसा वाद होत नाही. तो आकडा करारात असतो आणि दोघांनाही पाठ असतो. खटका उडतो तो त्याखालच्या मेंटेनन्सच्या ओळीवरून, आणि बऱ्याचदा चूक बिल लिहिण्याच्या पद्धतीत असते.

या दोन रकमांचा स्वभावच वेगळा आहे. भाडे ठरलेले असते आणि बहुधा महिन्याच्या सुरुवातीला घेतात. सफाई, जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप यांवर नेमका किती खर्च झाला हे मात्र वर्ष सरल्यावरच कळते. करारात मेंटेनन्सची रक्कम कायमची ठरवलेली नसेल, तर दरमहा घेतो ती फक्त उचल असते. बिलावर तसे लिहाच: ‘मेंटेनन्स, अंदाजे, वर्षअखेरीस हिशेब’. नुसते ‘मेंटेनन्स 2,000’ लिहिले तर दुकानदार तो विषय संपला असे धरतो, आणि वर्षअखेरीस फरक मागितला की त्याला फसवल्यासारखे वाटते. त्यात त्याचे काही चुकत नाही.

दुसरी चूक भाडेवाढीच्या महिन्यात होते. समजा भाडे 20,000 आणि मेंटेनन्स 2,000 आहे, आणि करारात वर्षाला 5 टक्के भाडेवाढ आहे. मालक मागच्या बिलाची एकूण रक्कम घेऊन 22,000 चे 23,100 करतो. वाढ फक्त भाड्यावर असेल तर बिल 21,000 अधिक 2,000, म्हणजे 23,000 हवे. महिन्याला 100 जास्त गेले तर सहज लक्षात येत नाही. वर्षाला ते 1,200 होतात, आणि पुढची वाढ याच चुकीच्या आकड्यावर बसते.

सर्वात जास्त घोळ होतो तो वर्षअखेरीच्या हिशेबात. एक उदाहरण सविस्तर पाहू. इमारतीत एकूण 1,000 चौरस फूट गाळे आहेत आणि या दुकानाचे क्षेत्र 250 चौरस फूट आहे. वर्षाचा सामाईक खर्च 1,20,000 झाला, पण त्यात 16,000 नव्या पंपाचे आहेत. पंपाची दुरुस्ती हा देखभालीचा खर्च. नवा पंप ही मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर, त्यामुळे करारात स्पष्टपणे तसे ठरले नसेल तर तो दुकानदाराच्या माथी मारू नये. राहिले 1,04,000. दुकानाचा वाटा एक चतुर्थांश, म्हणजे 26,000. वर्षभरात उचल 24,000 जमा झाली आहे, तर येणे 2,000.

आता खरी अडचण पाहा: इमारतीतला 200 चौरस फुटांचा एक गाळा वर्षभर रिकामा होता. मालकाने तो वगळून 800 ने भागले. त्याच 1,04,000 मधला दुकानाचा वाटा 32,500 झाला आणि येणे 2,000 ऐवजी 8,500. रिकाम्या गाळ्याचा आणि मालक स्वतः वापरतो त्या जागेचा वाटा मालकानेच उचलायचा, नाहीतर शेजारचा गाळा रिकामा राहिल्याचा दंड या दुकानदाराला बसतो. मागणी अचानक फुगलेली दिसली तर आधी किती चौरस फुटांनी भागले आहे ते तपासा. फरकाच्या बिलासोबत खर्चाची यादी, पावत्यांच्या प्रती आणि ही भागाकाराची ओळ पाठवली की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

थकबाकीचेही तसेच. दुकानदाराने मेंटेनन्सबद्दल शंका काढून फक्त 21,000 भरले, तर पुढच्या बिलात ‘एकूण 25,000’ असे मोघम लिहू नका. चालू महिन्याचे 23,000 आधी दाखवा आणि त्याखाली ‘मागील बाकी, मेंटेनन्स, बिल क्रमांक अमुक, 2,000’ अशी वेगळी ओळ द्या. तसे नसेल तर दुकानदाराचा हिशेबनीस जुने बिलही नोंदवतो आणि नवे 25,000 ही नोंदवतो. मग ते 2,000 त्याच्या वहीत खर्च म्हणून दोनदा लागतात. शिवाय भाडे थकले आहे की मेंटेनन्स, हे दोघांनाही सांगता येत नाही, आणि बऱ्याच करारांत या दोन्हींचे परिणाम वेगळे असतात.

आधीच चुकीचे बिल गेले असेल तर त्याच क्रमांकाने आकडा बदलून पुन्हा पाठवू नका. दुकानदाराकडे एका क्रमांकाची दोन बिले होतात आणि कुठले खरे ते ठरत नाही. जास्त लावलेल्या रकमेची मूळ बिलाचा क्रमांक देऊन क्रेडिट नोट काढा. वरच्या भाडेवाढीच्या उदाहरणात चूक तीन महिन्यांनी सापडली, तर तिन्ही बिलांचे क्रमांक लिहून 300 ची एक नोट काढायची आणि चौथ्या महिन्यापासून बिल 23,000 चे पाठवायचे.