भर उन्हात १/५० वर व्हिडिओ: एनडी फिल्टर कसा निवडावा, कसा वापरावा

रंगपंचमीला इंदुरात राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते. टँकरच्या पाइपातून आणि मिसाइल नावाच्या रंग उडवणाऱ्या यंत्रातून उडणारं रंगीत पाणी शटर १/२००० वर ठेवून शूट करा आणि घरी येऊन बघा. प्रत्येक थेंब सुटा सुटा, काचेच्या मण्यासारखा हवेत टांगलेला दिसतो, आणि नाचणाऱ्यांचे हात एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारतात. तेच शटर १/५० वर ठेवलं तर पाण्याच्या धारा होतात आणि हात सलग फिरतात, डोळ्याला दिसतात तसेच. अडचण एवढीच की मार्चमधल्या दुपारी १२ च्या उन्हात १/५० वर कॅमेऱ्यात जरुरीपेक्षा खूप जास्त उजेड शिरतो. तो अडवायला लेन्सपुढे काळी काच लावायची. तीच एनडी फिल्टर.

ही काच टाळण्याचे दोन सल्ले कायम ऐकू येतात. पहिला, ‘अॅपर्चर एफ २२ करून टाक’. तसं केलं की चित्राची धार जाते, सेन्सरवरची धूळ आभाळात ठिपक्यांसारखी दिसू लागते, आणि माणसामागचे बोर्ड, वायरी, गर्दी सगळं चेहऱ्याइतकंच स्पष्ट होऊन बसतं. दुसरा, ‘शटर वाढव, एडिटिंगमध्ये ब्लर टाकू’. चार माणसांच्या फ्रेममध्ये तो कदाचित खपेल. हजारो हात आणि उडतं पाणी असलेल्या फ्रेममध्ये सॉफ्टवेअरला कुठला थेंब कुठे गेला हे कळतच नाही आणि सगळ्याचा चिखल होतो. दोन्ही करून पाहिलंय, म्हणून सांगतो, यात वेळ घालवू नका.

कॅमेरा मॅन्युअलवर, २५ फ्रेम, शटर १/५०, ऑटो आयएसओ बंद. एका फ्रेमच्या वेळेच्या निम्मा वेळ शटर उघडं, एवढाच त्यातला हिशोब. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दुकानातल्या ट्यूबलाइटसुद्धा १/५० वर लुकलुकत नाहीत.

आता किती काळी काच लागेल ते काढायचं. त्यासाठी तक्ते पाठ करायची गरज नाही. फिल्टर न लावता, जिथे शूट करायचं तिथेच उभे राहा. आयएसओ १०० आणि तुम्हाला हवं ते अॅपर्चर ठेवा, समजा एफ ४. मग मीटर शून्यावर येईपर्यंत शटर वाढवत न्या. राजवाड्यासमोरच्या चौकात स्वच्छ उन्हात मला साधारण १/१६०० मिळतं. तिथून १/५० पर्यंत निम्मं निम्मं करत या: ८००, ४००, २००, १००, ५०. पाच वेळा झालं, म्हणजे पाच स्टॉपचा फिल्टर. दुकानात त्याला एनडी ३२ म्हणतात, कारण पाच दोन एकमेकांशी गुणले की ३२ येतात. काही कंपन्या त्याच काचेवर १.५ असं छापतात, कारण त्या मोजणीत एक स्टॉप म्हणजे ०.३. आकडा बघून घाबरू नका, पण दुकानदाराशी बोलताना स्टॉपमध्येच बोला. ‘थोडा डार्क द्या’ म्हणालात तर तो हाताला येईल ते काढून देईल.

लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर एडिटिंगमध्ये चढवायचे म्हणून फिकं चित्र घेणाऱ्या मोडमध्ये, शूट करणाऱ्यांनी इथे सांभाळायचं. बऱ्याच कॅमेऱ्यांत लॉग चालू केला की आयएसओ ८०० च्या खाली जातच नाही. १०० पासून ८०० म्हणजे तीन स्टॉप, म्हणून तेच ऊन, तेच एफ ४, पण आता पाचाऐवजी आठ स्टॉप लागणार. हे तीन स्टॉप मी एका वर्षी हिशोबात धरले नव्हते, आणि त्याची किंमत पुढे सांगतो.

मापाचं थोडक्यात: सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच फिल्टर घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग. रिंग पितळेची घ्या, ॲल्युमिनियमची उन्हात अडकून बसते.

आता खरा त्रास देणारा भाग, फिरवायचा फिल्टर, म्हणजे व्हेरिएबल एनडी. रिंग फिरवली की कमी-जास्त काळा होतो, एकाच काचेत काम होतं, म्हणून नवीन माणूस पहिल्यांदा हाच विकत घेतो. मीही घेतला होता. गेरच्या दिवशी राजवाड्याजवळच्या एका गच्चीवरून १६ मिलिमीटरची लेन्स लावून शूट करत होतो. लॉग चालू, आयएसओ ८००. ऊन वाढत गेलं तशी मी रिंग फिरवत गेलो, अगदी शेवटापर्यंत. एक्सपोजर बरोबर, मीटर शून्यावर. उन्हात त्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. संध्याकाळी टीव्हीला लावलं तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, आभाळाला डाग पडलाय.” वाड्याच्या सातव्या मजल्यावरून सुरू होऊन फ्रेमच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांपर्यंत काळपट पट्टे गेले होते, मोठ्या फुलीसारखे. दोन तासांचं चित्रण, आणि आभाळ दिसणारा एकही शॉट वापरता आला नाही. गेर पुन्हा वर्षानेच येते.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे तुमच्यावर ही वेळ येणार नाही. फिरवायच्या फिल्टरमध्ये पोलरायझरच्या दोन काचा एकमेकींवर बसवलेल्या असतात. दोघींची दिशा एक असली की उजेड जातो, आडवी-उभी झाली की अडतो. हा हिशोब समोरून सरळ येणाऱ्या किरणांना लागू पडतो. वाइड लेन्समध्ये कोपऱ्यांतले किरण तिरके येतात आणि त्यांच्यासाठी दोन काचांमधला कोन वेगळा पडतो. रिंग शेवटाकडे नेली की हा फरक उघडा पडतो आणि फुली उमटते. म्हणजे लेन्स जितकी वाइड आणि रिंग जितकी शेवटाजवळ, तितका धोका जास्त. रिंगवर आठ स्टॉपचा आकडा छापलेला असला तरी माझ्या वाइड लेन्सवर पाच-साडेपाचच्या पुढे तो भरवशाचा नाही.

म्हणून फिल्टर घरी आणल्या दिवशीच हे करा. सगळ्यात वाइड लेन्स लावून निरभ्र आभाळाकडे किंवा एकरंगी पांढऱ्या भिंतीकडे कॅमेरा धरा. रिंग हळूहळू फिरवा आणि प्रत्येक खुणेवर दोन-तीन सेकंद रेकॉर्ड करा. मग ते मोठ्या स्क्रीनवर बघा. कोपरे जिथे मधल्या भागापेक्षा वेगळे दिसू लागतात, त्याच्या एक खूण अलीकडे रिंगवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. शूटिंगच्या गडबडीत बोटाला तो ठिपका लागला की थांबायचं. त्यापुढे काळोख हवा असेल तर अॅपर्चर थोडं बंद करा, नाहीतर फिक्स काच लावा.

फुली टाळली तरी पोलरायझर तिथेच असतो, हे फार कमी लोक सांगतात. सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ पोलरायझरमधून जास्त गडद होतं, म्हणून वाइड शॉटमध्ये आभाळाचा एक भाग निळाशार आणि दुसरा फिका येतो. पॅन केलं की तो पट्टा फ्रेममध्ये सरकताना दिसतो. शिवाय ओल्या रस्त्यावरची, ओल्या चेहऱ्यावरची चमक हा फिल्टर कधी खातो, कधी सोडतो, कारण पुढची काच फिरली की चमक अडवायची दिशाही फिरते. गेरमध्ये तर सगळंच ओलं. एका शॉटमध्ये रंगाने भिजलेला चेहरा चकाकतोय आणि रिंग जरा फिरवल्यावर तोच चेहरा सपाट, मातीसारखा. असे दोन शॉट शेजारी जोडताच येत नाहीत. माझा नियम पक्का आहे: रेकॉर्डिंग चालू असताना चेहऱ्यावर रिंग फिरवायची नाही. आणि गुलाल रिंगच्या फटीत गेला की ती करकरते आणि मध्येच अडकते, ते वेगळंच.

या सगळ्यामुळे गेरसाठी मी आता फिक्स एनडी ३२ लावतो आणि दिवसभर काढत नाही. लोक विचारतात, मग चौकातल्या उन्हातून सराफ्याच्या गल्लीतल्या सावलीत शिरल्यावर काय करतोस? अॅपर्चर आणि शटर तसंच ठेवून फक्त आयएसओ वाढवतो. मोकळ्या आभाळाखालची सावली उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप अंधारी असते. उन्हात १/५०, एफ ४, आयएसओ १००. सावलीत १/५०, एफ ४, आयएसओ ८००. आजच्या कॅमेऱ्यात ८०० ला नॉइज नावालाच असतो. अगदी अरुंद बोळ असेल तर लेन्स एफ २.८ ला उघडतो, आणखी एक स्टॉप मिळतो. यासाठी लॉग बंद ठेवावा लागतो, आणि गेरच्या रंगांना तो नसला तरी माझं काही अडत नाही. ज्यांना लॉग हवाच आहे त्यांनी आठ स्टॉपची फिक्स काच घ्यावी आणि सावलीत ती सरळ काढून ठेवावी. फिरवायचा फिल्टर मी ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सवर, आभाळ फ्रेममध्ये नसताना वापरतो. मुंजीत किंवा लग्नात मांडवातून अंगणात ये-जा असते तिथे तो चांगला उपयोगी पडतो.

व्हाइट बॅलन्स फिल्टर लावल्यानंतर पांढऱ्या कागदावर घ्या, आधी नको, कारण प्रत्येक काचेला स्वतःची थोडी पिवळी किंवा हिरवी झाक असते. तरीही बँडवाल्यांच्या काळ्या पँटी तपकिरी दिसत असतील तर ते व्हाइट बॅलन्सने सुटणार नाही. गडद स्वस्त काच दिसणारा उजेड अडवते पण इन्फ्रारेड तसाच जाऊ देते, आणि टेरिकॉटसारखं कृत्रिम धाग्याचं काळं कापड तो परत फेकतं. बाकी चित्र ठीक, फक्त काळे कपडे लालसर, ही त्याची ओळख. सहा स्टॉपच्या पुढची काच घेताना इन्फ्रारेड अडवणारीच मागा.

फोकस नेहमीसारखा.

घरी आल्यावर फिल्टर पुसायला घाई करू नका. गुलालाचे कण काचेवर असताना कापड फिरवलं तर ओरखडे पडतात. आधी ब्लोअर मारा, मग मऊ ब्रश, मग शेवटी ओलसर कापड. फिल्टर लेन्सवर घट्ट बसला असेल तर कडेने रुंद रबरबँड गुंडाळा आणि सगळ्या बोटांनी सारखा, हलका दाब देऊन फिरवा. दोनच बोटांनी जोरात आवळलं तर रिंग लंबगोल होते आणि आणखी अडकते.