तळटीप दिली तरी वाक्य दुसऱ्याचंच राहतं : या चुका टाळा

हस्तलिखितं तपासताना मला ठरवून केलेली उचलेगिरी क्वचितच सापडते. सापडतात ती टिपणवहीत बेवारस पडलेली वाक्यं. ‘आत्ता भराभर उतरवून घेतो, अवतरणचिन्हं नंतर टाकीन’ हे ज्याला त्याला वाटतं, आणि ते ‘नंतर’ कधीच येत नाही.

माझ्याही बाबतीत हे घडलं. दोन वर्षांपूर्वीच्या टिपणांवरून एक प्रकरण लिहिलं होतं. छपाईआधी पानांचे आकडे पडताळताना एका वाक्यातल्या ‘तद्वतच’ या शब्दाशी अडखळलो. हा शब्द मी कधीच वापरत नाही. मूळ पुस्तक काढलं, तर सलग चार वाक्यं त्यातली निघाली, जशीच्या तशी. टिपणात पान क्रमांक होता, अवतरणचिन्ह नव्हतं. मग सगळं प्रकरण मूळ पुस्तकांशी ओळ न् ओळ ताडून पाहिलं; तीन आठवडे गेले. अमेरिकी इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांच्या १९८७ च्या पुस्तकावरून २००२ मध्ये वाद झाला, तेव्हा त्यांनीही टिपणांतल्या अशाच सरमिसळीचं कारण दिलं होतं. तळटिपा त्यांच्याही पुस्तकात होत्या.

तेव्हापासून प्रत्येक टिपणाआधी मी अक्षर लिहितो : ‘अ’ म्हणजे अवतरण, ‘सा’ म्हणजे सारांश, ‘मी’ म्हणजे माझा विचार. पान क्रमांक त्याच क्षणी. रंगांवर मी विसंबत नाही. मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये नुसता टेक्स्ट म्हणून पेस्ट केला की रंग उडतो, अक्षर टिकतं.

दुसरी चूक शब्द बदलण्याची. समजा मुळात आहे : ‘विहिरीचं पाणी स्वच्छ दिसत असल्यानं लोक ते पीत राहिले, आणि म्हणून साथ सहा आठवडे लांबली.’ घाईतला लेखक लिहितो : ‘पाणी निर्मळ दिसे, त्यामुळे लोकांनी ते पिणं सोडलं नाही, परिणामी साथ दीड महिना अधिक चालली.’ शब्द बदलले, सांगाडा तोच. समानार्थी शब्दांचा कोश जवळ ठेवून लिहिणाऱ्यांची मला खरोखर चीड येते. मी पुस्तक मिटतो, दुसरा संदर्भ वाचतो आणि दुसऱ्या दिवशी लिहितो : ‘साथ लांबली याचा दोष हा लेखक पाण्याच्या दिसण्याला देतो. दवाखान्याच्या नोंदींत मात्र पहिले रुग्ण विहिरीपासून दूरच्या वस्तीतले आहेत.’ इथे दावा कोणाचा ते वाक्यातच कळतं, आणि मांडणी माझी होते. एकाच पुस्तकावरून सलग दोन पानं लिहिली गेली, तर मी थांबतो. तिथे सांगाडा उसना असण्याची शक्यता फार असते.

इंग्रजीतून स्वतः अनुवाद केलेलं वाक्यही मूळ लेखकाचंच असतं. दुसऱ्याच्या पुस्तकात भेटलेलं अवतरण मूळ ग्रंथ वाचल्यासारखं दाखवू नका. कुठून घेतलं ते लिहा. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरनं ‘स्वच्छ’ म्हटलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण त्याच्या साठ्यात नसलेलं जुनं छापील पुस्तक त्याला दिसतच नाही. ते पुस्तक वाचलेला वाचक मात्र पहिल्याच परिच्छेदात ओळखतो.