१५एच सोबत दोन ओळींचं पत्र जोडा

आर्थिक वर्ष 2025-26. वडिलांचं पेन्शन 3,60,000 आणि एफडीचं व्याज 1,40,000 रुपये. कर शून्य, पण ज्येष्ठांचं व्याज एका बँकेत लाखावर गेलं की टीडीएस कापतात. म्हणून व्याज जमा होण्याआधी बँकेला १५एच, म्हणजे टीडीएस कापू नये म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा फॉर्म, आणि सोबत हे पत्र दिलं:

“माझ्या अंदाजित उत्पन्नावर कर शून्य आहे. सोबत १५एच जोडला आहे. पावती क्रमांक अमुक व तमुक, या ठेवींच्या व्याजातून टीडीएस कापू नये, ही विनंती. पॅन व ग्राहक क्रमांक खाली दिला आहे.”

दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्याच. काउंटरवरचं “ठेवून जा, काका” पुरावा नाही. आधीच कापलेली रक्कम मात्र रिटर्न भरूनच परत मिळते.