अमेरिकेत एमएस करताना डिसमिसलचं पत्र आलं? अपील लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत एमएसच्या विद्यार्थ्याला एकत्रित जीपीए ३.० किंवा त्याहून जास्त ठेवावा लागतो. तो खाली घसरला की आधी प्रोबेशन लागतं. दिलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी पुढच्या एका सेमिस्टरमध्ये, तो वर आला नाही तर डिसमिसलचं पत्र ईमेलने येतं. त्याच पत्रात अपिलाची मुदत असते आणि ती अनेकदा आठवडा-दहा दिवसांचीच असते. एवढ्या थोड्या वेळात घाबरलेल्या मनाने लिहिलेल्या अपिलांत त्याच त्या चुका दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा आपल्या विनंती अर्जाच्या सवयीतून आलेल्या असतात.

परिणामाला कारण समजणं

"वडिलांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं आहे, मला काढून टाकलं तर आमचं कुटुंब उद्ध्वस्त होईल." हे खरं असतं आणि लिहिताना हात थरथरतो, हेही खरं. पण डिसमिसलने काय होईल ते यात आहे. ग्रेड का घसरले ते यात नाही. अपिलावर निर्णय घेणाऱ्या समितीसमोर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नुकसान होणारच असतं, त्यामुळे त्यावरून तिला दोघांत फरक करता येत नाही. समितीला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: ग्रेड कशामुळे पडले, ते कारण आता उरलं आहे का, आणि आणखी एक संधी दिली तर हिशेब जुळेल का. कर्जाचा उल्लेख हवाच असेल तर शेवटी एका वाक्यात करा.

अडचण सांगताना तारखा द्या, आणि त्या तारखा ग्रेडशी जुळू द्या. "घरच्या अडचणींमुळे अभ्यासावर परिणाम झाला" एवढ्याने समितीला काहीच धरता येत नाही. वडील ऑक्टोबरमध्ये आजारी पडले असतील आणि सप्टेंबरमधल्या पहिल्या परीक्षेतच गुण कमी असतील, तर ही विसंगती समितीच्या लक्षात येते. अशा वेळी सप्टेंबरचं वेगळं, खरं कारण वेगळं लिहा. नव्या पद्धतीच्या अभ्यासक्रमाशी जुळवून घेणं जमलं नाही, पायाभूत विषय कच्चा होता, असं काहीही असू शकतं. दोन कारणं वेगवेगळी मांडली की दोन्ही पटतात.

आकडेमोड न करणं

ही चूक सगळ्यात जास्त महागात पडते, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

समजा, सांगलीची एक विद्यार्थिनी ३० क्रेडिटचं एमएस करते आहे. प्रत्येक विषय ३ क्रेडिटचा. पहिल्या सेमिस्टरमध्ये, ऑक्टोबरच्या मध्यावर, वडिलांची बायपास झाली. ग्रेड मिळाले बी, सी प्लस आणि सी. बीचे ३.०, सी प्लसचे २.३ आणि सीचे २.०, प्रत्येकाला ३ क्रेडिटने गुणायचं. एकूण २१.९ गुण, ९ क्रेडिट, म्हणजे जीपीए २.४३. प्रोबेशन लागलं. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये बी, बी प्लस आणि ए मायनस मिळाले, म्हणजे ३० गुण. त्या सेमिस्टरचा जीपीए ३.३३ झाला, पण एकत्रित ५१.९ भागिले १८, म्हणजे २.८८ वरच अडकला. नियमाप्रमाणे डिसमिसल.

आता अपिलात ती काय लिहू शकते ते पाहा. १८ क्रेडिटला ३.० साठी ५४ गुण हवे होते, म्हणजे तूट फक्त २.१ गुणांची आहे. पुढच्या सेमिस्टरमध्ये ९ क्रेडिट घेतले तर २७ क्रेडिटला ८१ गुण लागतात. त्यासाठी २९.१ गुण मिळवायला हवेत, म्हणजे सरासरी ३.२३. तीन बी प्लस पुरतात. एक ए मायनस, एक बी प्लस आणि एक बी एवढ्यानेही एकत्रित जीपीए ३.०३ होतो. आणि हेच तीन ग्रेड तिने नुकतेच मिळवून दाखवले आहेत! या एका परिच्छेदाने "मी खूप मेहनत करेन" या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त काम होतं. मात्र दोन बी प्लस आणि एक बी मिळाले तर जीपीए २.९९ वर थांबतो, आणि बहुतेक ठिकाणी २.९९ म्हणजे ३.० नव्हे. म्हणून विषय कोणते घ्यायचे ते ॲडव्हायजरशी बोलून आधीच ठरवा आणि त्यांची नावं अपिलात लिहा.

हिशेब करताना आणखी एक गफलत होते. सी मिळालेला विषय पुन्हा घेतला की जुना ग्रेड पुसला जाईल, असं अनेकजण गृहीत धरतात. पदवीच्या पातळीवर अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. एमएसच्या पातळीवर मात्र अनेक विद्यापीठं दोन्ही ग्रेड मोजतात. आपल्या विद्यापीठाच्या कॅटलॉगमधला नियम वाचल्याशिवाय हिशेब मांडू नका. तसंच दुसऱ्या कॉलेजात घेतलेल्या विषयाचे क्रेडिट आणता आले, तरी त्याचा ग्रेड सहसा इथल्या जीपीएत धरला जात नाही.

हिशेब जमतच नसेल तर? १८ क्रेडिटला जीपीए २.४ असेल, तर उरलेल्या १२ क्रेडिटमध्ये सरासरी ३.९ लागेल, म्हणजे जवळजवळ सगळीकडे ए. ज्याला आजवर एकही ए मिळालेला नाही, त्याच्या या योजनेवर समिती विश्वास ठेवणार नाही. अशा वेळी मागणीच बदलावी लागते. आजारपण स्वतःचं असेल आणि कागद भक्कम असतील, तर त्या सेमिस्टरचं पूर्वलक्षी मेडिकल विथड्रॉवल मिळतं का ते विचारा. ते मंजूर झालं तर त्या सेमिस्टरचे ग्रेड जाऊन डब्ल्यू लागतो आणि पूर्ण गणित बदलतं. त्याचा अर्ज आणि समिती बहुतेक ठिकाणी वेगळी असते.

सुधारणा फक्त शब्दांत दाखवणं

सांगलीच्या विद्यार्थिनीकडे दुसऱ्या सेमिस्टरचे ग्रेड आहेत, हे तिचं भाग्य. अनेकांच्या बाबतीत सुधारणा सेमिस्टरच्या मध्यावर सुरू होते आणि अंतिम ग्रेडमध्ये दिसत नाही. तेव्हा मिडटर्म आणि फायनलचे गुण शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या परीक्षेत ४८ आणि शेवटच्या परीक्षेत ८१, तर एकूण ग्रेड बी मायनस असूनही दिशा स्पष्ट दिसते. त्या विषयाच्या प्राध्यापकांनी दोन ओळींचा ईमेल दिला, तर तोही जोडा. पत्र मागताना "शिफारस द्या" असं मोघम म्हणू नका, "माझं शेवटच्या सहा आठवड्यांतलं काम तुम्ही पाहिलंत, त्याबद्दल लिहाल का?" असं विचारा.

कारण दूर झालं, हेही कागदावर दिसायला हवं. वडिलांच्या डिस्चार्ज समरीसोबत नंतरच्या तपासणीचा कागद जोडला, तर संकट सुरू कधी झालं आणि निवळलं कधी, हे दोन्ही कळतं. आपल्याकडच्या हॉस्पिटलची समरी इंग्रजीतच असते. पण ग्रामपंचायतीचा दाखला किंवा डॉक्टरांची मराठी चिठ्ठी असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. नैराश्य किंवा चिंतेचा त्रास झाला असेल, तर विद्यापीठाच्या कौन्सेलिंग सेंटरकडून किती तारखेपासून येत आहात एवढं पत्र मागता येतं. त्यासाठी तुम्हाला संमतीपत्रावर सही करावी लागते. आतला तपशील उघड करण्याची गरज नसते. ओळखीच्या डॉक्टरकडून मागची तारीख घालून प्रमाणपत्र आणू नका. ते उघडकीला आलं तर प्रकरण कमी ग्रेडचं राहत नाही, खोटेपणाचं होतं, आणि त्यातून बाहेर पडणं फार अवघड आहे.

"तेव्हाच का सांगितलं नाही?" हा प्रश्न टाळणं

अपिलात हा प्रश्न मनातल्या मनात तरी विचारला जातोच. विषय सोडता आला असता, राहिलेलं काम नंतर पूर्ण करण्यासाठी इन्कम्प्लीट मागता आला असता, मग गप्प का बसलात? आपल्या मुलांचं खरं उत्तर बहुतेकदा व्हिसाची भीती हे असतं: ९ क्रेडिटच्या खाली गेलो तर एफ-१ जाईल. ही भीती निराधार नाही. डीएसओ म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम पाहणारा विद्यापीठाचा अधिकारी, त्याच्या आगाऊ परवानगीशिवाय क्रेडिट कमी करता येत नाहीत, आणि वैद्यकीय कारणाची सवलत फक्त विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजारासाठी आहे, वडिलांच्या नव्हे. हे जसंच्या तसं लिहा. पण त्यापुढे लिहा की इन्कम्प्लीटबद्दल तुम्हाला माहीत नव्हतं, आता माहीत आहे, आणि पुढे अडचण आली तर कोणाकडे आणि कधी जाल. लाज वाटली म्हणून कोणाला सांगितलं नाही, हेही सांगण्यासारखं खरं कारण आहे.

प्राध्यापकांनी अन्याय केला, ही तक्रार इथे आणू नका. ग्रेडविरुद्ध दाद मागण्याची प्रक्रिया वेगळी असते. दोन्ही एकत्र केले की, तुम्हाला आपली चूक अजून दिसलेली नाही असं वाचणाऱ्याला वाटतं.

पैशाची अडचण लिहिताना

इथे थांबा आणि नीट वाचा. "फी भरायला रात्री कॅम्पसबाहेर काम करत होतो" हे वाक्य समितीला कष्टाची साक्ष वाटेल, पण परवानगीशिवाय केलेलं असं काम एफ-१ च्या अटींचा भंग आहे आणि तुम्ही ते स्वतःच्या सहीने लिहून देत आहात. खोटं तर लिहूच नका. पण अशी गोष्ट घडली असेल, तर अपील पाठवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदेशीर सल्ला मिळतो.

अपिलात गुंतून डीएसओला विसरणं

डिसमिसल झालं की सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतली तुमची नोंद बंद करण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. पदवी पूर्ण केलेल्यांना मिळणारे ६० दिवस अशा वेळी मिळतात असं समजू नका. डीएसओच्या परवानगीने शिक्षण थांबवणाऱ्यालासुद्धा देश सोडायला १५ दिवसच असतात. म्हणून पत्र आलं त्याच दिवशी डीएसओला विचारा: अपील चालू असताना माझी नोंद कधीपर्यंत चालू राहील, आणि दुसऱ्या विद्यापीठात ट्रान्सफर करायचं ठरलं तर शेवटची तारीख कोणती? अपील लिहिताना दुसरीकडचा अर्जही तयार ठेवा.

आई-वडिलांनी पुण्याहून किंवा नाशिकहून विद्यापीठाला फोन करून उपयोग होत नाही. १९७४ च्या फर्पा कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय ऑफिस त्यांच्याशी ग्रेडबद्दल सहसा बोलत नाही. त्यांनी डिस्चार्ज समरी आणि पावत्या स्कॅन करून त्याच रात्री पाठवणं ही खरी मदत.

अपील मंजूर झालं तर अटींसह होतं: बहुतेकदा एकाच सेमिस्टरची मुदत आणि एकही ग्रेड बीच्या खाली नको. सांगलीच्या विद्यार्थिनीला मात्र तीन बी मिळूनही ती अट पूर्ण होईल आणि जीपीए ७८.९ भागिले २७, म्हणजे २.९२ वरच राहील. तेव्हा मंजुरीच्या पत्रात सेमिस्टरचा जीपीए मागितला आहे की एकत्रित, हे नोंदणी करण्याआधी ग्रॅज्युएट ऑफिसकडून लेखी विचारून घ्या.