स्क्रिप्टने दोनदा टाकलेली ऑर्डर: ब्रोकरला पत्र कसं लिहावं

आधी जादाची पोझिशन बंद करा, मग पत्र लिहायला बसा. 'निकाल लागेपर्यंत ठेवतो' म्हणून थांबलात, तर पुढचा तोटा तुमच्याच गळ्यात पडतो.

आता खरी मेख. 'नेट गेलं, ऑर्डर दोनदा लागली, पैसे परत द्या' असं माझं पहिलं पत्र होतं. उत्तर दोन ओळींत आलं: दोन्ही विनंत्या तुमच्याच एपीआय कीवरून आल्या. खरंच होतं ते. टाइमआउट म्हणजे ऑर्डर गेली नाही असं नव्हे, फक्त उत्तर परत आलं नाही. तपासणी न करता स्क्रिप्टने पुन्हा ऑर्डर मारली असेल, तर चूक तुमची. पत्राची शाई वाया घालवू नका.

दुसऱ्या खेपेला माझा लॉग असा होता:

```
10:17:04 POST /orders BUY 200 tag=A17
10:17:11 timeout
10:17:12 GET /orders -> 200 []
10:17:12 POST /orders BUY 200 tag=A17
```

तिसरी ओळ बघा. स्क्रिप्टने विचारलं आणि ब्रोकरच्या ऑर्डर बुकने 'काहीच नाही' असं उत्तर दिलं. पण नंतर त्याच ऑर्डर बुकमध्ये पहिल्या ऑर्डरची एक्स्चेंजची वेळ होती 10:17:05. म्हणजे एक्स्चेंजने ऑर्डर घेऊन सात सेकंद झाले तरी ब्रोकर ती दाखवत नव्हता. भांडण या सात सेकंदांवर करायचं, नेटवर नाही. म्हणून पत्रात मी एवढंच लिहिलं: 'पहिली ऑर्डर 10:17:05 ला एक्स्चेंजने स्वीकारली होती. तरीही 10:17:12 ला आपल्या सर्व्हरने रिकामी यादी दिली. त्या उत्तरावर विसंबून दुसरी ऑर्डर गेली. कृपया त्या वेळचे आपले सर्व्हर लॉग तपासून लेखी खुलासा द्यावा.' दोन्ही ऑर्डरचे एक्स्चेंज ऑर्डर क्रमांक त्याखाली. आणि हो, संगणकाचं घड्याळ आपोआप जुळतंय ना ते आधी बघा. ते सात सेकंद पुढे असेल, तर सगळा युक्तिवाद कोसळतो.

मागणी फक्त जादा ऑर्डरपुरती. दुसरे 200 शेअर 413.20 ला लागले, 10:31 ला 409.80 ला विकले. फरक 3.40, म्हणजे 680 रुपये, वर काँट्रॅक्ट नोटमधले त्या दोन सौद्यांचे खर्च. मनस्तापाचे पाच हजार जोडू नका. तो आकडा दिसला की पुढचं कुणी वाचत नाही.

जोडायचं ते: न छाटलेला लॉग, ऑर्डर बुक, काँट्रॅक्ट नोट. लॉगमधली एपीआय की आणि टोकन मात्र झाकायला विसरू नका.

पत्र ब्रोकरच्या तक्रार निवारणाच्या ईमेलवर पाठवा, चॅटवर नको. तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर पटलं नाही, तर हेच पत्र जसंच्या तसं सेबीच्या स्कोर्स पोर्टलवर चढवा. तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.