हॅझर्ड परसेप्शन टेस्ट : धोका आधी दिसला तरी शून्य का मिळतो? या चुका टाळा

ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर भारतातलं लायसन्स १२ महिने चालतं. पुढे प्रोव्हिजनल काढून थिअरी टेस्ट द्यावीच लागते. तिच्या पहिल्या भागातले ५० प्रश्न आपली मंडळी रात्र जागून पाठ करतात. दुसरा भाग व्हिडिओचा, म्हणजेच हॅझर्ड परसेप्शन : रस्त्याचा व्हिडिओ बघत धोका दिसला की क्लिक करायचं. त्याबद्दल मात्र ‘त्यात काय, बघायचं आणि क्लिक करायचं’ असं म्हणून मोकळी होतात आणि तिथेच अडकतात. गेली काही वर्षं ओळखीतल्या बऱ्याच जणांची तयारी मी करून घेतली आहे. चुका तेवढ्याच आणि त्याच असतात.

साधारण एकेका मिनिटाचे १४ व्हिडिओ असतात आणि त्यांत मिळून १५ धोके. प्रत्येक धोक्याला जास्तीत जास्त ५ गुण, म्हणजे एकूण ७५. गाडीच्या लायसन्ससाठी ४४ लागतात.

आता माझ्या भाऊजींची गोष्ट. पुण्यात १४ वर्षं गाडी चालवलेला माणूस. प्रश्नांत ५० पैकी ४७ मिळाले, व्हिडिओत ३६. एक भाग गेला की दोन्ही गेले, पुन्हा २३ पाउंड भरून सगळं पहिल्यापासून. घरी येऊन म्हणाले, “वहिनी, मला प्रत्येक धोका दिसला होता. सगळ्यांच्या आधी दिसला होता!” त्यांचं म्हणणं खरं होतं आणि गुण गेले ते नेमके त्यामुळेच.

या परीक्षेत ‘धोका असू शकतो’ याला गुण नाहीत. ‘धोका आकार घेतोय’ याला आहेत. तिथे त्याला डेव्हलपिंग हॅझर्ड म्हणतात : ज्यामुळे तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागेल अशी गोष्ट. रस्त्याच्या कडेला नुसती उभी असलेली गाडी हा तसा धोका नाही. तुम्ही जवळ येत असताना तिचा उजवा इंडिकेटर लुकलुकायला लागला की झाला. त्या क्षणी गुणांची खिडकी उघडते. तिचे पाच भाग असतात. पहिल्या भागात क्लिक झालं तर ५, मग ४, ३, २, १ आणि खिडकी बंद झाली की शून्य. उघडण्याआधी केलेल्या क्लिकलाही शून्यच.

समजा, डावीकडे एक पांढरी व्हॅन उभी आहे आणि ती २० व्या सेकंदाला नजरेत येते. २६ व्या सेकंदाला तिचा इंडिकेटर लागतो, २८ व्या सेकंदाला पुढचं चाक वळतं आणि ३१ पर्यंत ती तुमच्या वाटेत येते. सोयीसाठी खिडकी २६ ते ३१ धरू, म्हणजे गुणामागे एक सेकंद. खऱ्या परीक्षेत ती कमीजास्त असते आणि पडद्यावर दिसत नाही. भाऊजींनी २० ला व्हॅन बघितली, क्लिक केलं आणि ‘हे झालं’ म्हणून पुढच्या चौकाकडे नजर वळवली. इंडिकेटर लागला तेव्हा बोट हललंच नाही. शून्य. शेजारी बसलेल्या नवशिक्याला व्हॅन २८ च्या पुढे कळली असेल, तरी त्याला ३ मिळतात.

यावर माझी सवय साधी आहे. दिसलं की एक क्लिक, हललं की दुसरं आणि लगेच पाठोपाठ, सेकंदाच्या आत, तिसरं. वरच्या व्हॅनला २०, २६.५ आणि २७.२ अशी तीन क्लिक्स झाली तर पहिलं वाया जातं, दुसऱ्याचे ५ मिळतात, तिसऱ्याचे ४. धरले जातात ते सगळ्यांत जास्त गुण, म्हणजे ५. वाया गेलेल्या क्लिकचे गुण कापत नाहीत. तिसरं क्लिक कशासाठी? दुसरंही खिडकीच्या जरा आधी पडलं असेल तर ते हाताशी असतं. भाऊजींना आठवडाभर मी एवढंच करायला लावलं, तेही मोठ्याने बोलत : “दिसलं… हललं, हललं.” दुसऱ्या वेळी ५८ आले.

हे सांगितलं की घाईच्या माणसाला लगेच आडवाट सुचते : मग दर दोन सेकंदांनी क्लिक करत राहू, कुठेतरी लागेलच. कृपा करून हे करू नका. ठरावीक तालात किंवा सरसकट क्लिक केलेलं संगणक ओळखतो, त्या व्हिडिओचे गुण शून्य करतो आणि व्हिडिओ संपल्यावर पडद्यावर तसं सांगतोही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला कोणीतरी हीच ‘ट्रिक’ शिकवली होती. पहिल्याच व्हिडिओनंतर तो मेसेज आला, ती इतकी घाबरली की पुढचे तीन व्हिडिओ क्लिकच केलं नाही. हिशेब बघा : चार धोके शून्यावर गेले की उरलेल्या ११ मध्ये प्रत्येकी सरासरी ४ लागतात, तेव्हा कुठे बरोबर ४४ होतात. तेच, कसलीही हातचलाखी न करता प्रत्येक धोक्याला नुसते ३ मिळाले तरी ४५ होतात. पाचाच्या मागे धावण्यापेक्षा शून्य टाळणं जास्त मोलाचं आहे आणि हे मी प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवते.

उशिरा क्लिक करणारेही असतात. आपल्याकडे माणूस फुटपाथवरून रस्त्यावर उतरला तरी आपण ब्रेकवर पाय नेत नाही, हॉर्न देतो. त्यामुळे ‘आता ब्रेक मारलाच पाहिजे’ असं वाटेपर्यंत बोट थांबतं आणि हाती १ किंवा २ लागतात. अशांना मी सांगते, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावासा वाटला की क्लिक करा.

बारीकसारीक दोन गोष्टी. माऊसचा बाण धोक्यावर नेत बसू नका, पडद्यावर कुठेही क्लिक चालतं. क्लिक झालं की खाली लाल झेंडा येतो, पण तो फक्त नोंद झाल्याची खूण आहे, गुण मिळाल्याची नाही.

सराव करताना क्लिप संपल्यावर खिडकी दाखवणारं साधन वापरा. नुसते आकडे बघून आपण लवकर जातोय की उशिरा, हे कळत नाही. शून्याच्या क्लिपा वेगळ्या काढा आणि झेंडा खिडकीच्या कोणत्या बाजूला पडलाय ते बघा. डावीकडे पडत असतील तर दुसरं क्लिक विसरताय, उजवीकडे पडत असतील तर वाट बघताय.

आणि १४ व्हिडिओंत १५ धोके, म्हणजे एकात दोन असतात. कोणत्यात, ते सांगत नाहीत. पहिला धोका गेला की लोक खुर्चीत मागे टेकतात आणि दुसऱ्याचे ५ तसेच सोडतात. पुढच्या व्हिडिओआधी १० सेकंदांची उलटी मोजणी असते, हात तेव्हा मोकळा करा. व्हिडिओ चालू आहे तोवर बोट माऊसवरच राहू दे.