तीन कॉलमांचा अंक लावण्याआधी: ओळीच्या शेवटी शब्द कुठे तुटतो

१७ सप्टेंबरची स्मरणिका तीन कॉलमांत लावायची ठरली असेल, तर पानांत मजकूर ओतायच्या आधी हे करून ठेवा. फोटो, जाहिरातींचे ब्लॉक, शुद्धलेखन यांवर बोलत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओळ संपताना तुटणाऱ्या शब्दांवर बोलतो, कारण मागच्या अंकात तेवढंच माझ्याकडून राहिलं आणि ओळीच्या मधोमध ‘मराठ-वाडा’ असं रेघेसकट छापून आलं.

पहिली गोष्ट, आणि ही मी पुढेही म्हणत राहणार: शब्द तोडायला कीबोर्डवरची साधी रेघ वापरायची नाही. साध्या रेघेला आपण ओळीच्या शेवटी आहोत की मध्ये, हे कळत नाही. आज ती कडेला बसते. उद्या वर एखादं नाव वाढलं, जाहिरात चार ओळींनी खाली सरकली, की शब्द मधल्या ओळीत येतो आणि रेघ त्याच्या पोटात तशीच राहते. त्यासाठी सॉफ्ट हायफन असतो. तो शब्दात लपून राहतो आणि शब्द खरोखर ओळीच्या कडेला आला तरच दिसतो. लिबर ऑफिस रायटरमध्ये Ctrl आणि - एकत्र दाबा, इनडिझाइनमध्ये Ctrl, Shift आणि -. ऑपरेटर म्हणेल, “सर, कशाला एवढं करायलाव, एन्टर मारून टाकू की.” एन्टर तर नकोच नको. तो परिच्छेदच फोडतो, आणि ओळ हलली की अर्धी ओळ रिकामी पडते.

दुसरं, मजकूर युनिकोडमध्ये आहे का ते बघा. परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर फाँट जुना आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये पेजमेकर अजून त्याच फाँटांवर चालतो. अशा फाइलमध्ये आपोआप शब्द तोडण्याची सोय आधी बंद करा. सॉफ्टवेअरच्या लेखी तो मजकूर इंग्रजी असतो, म्हणून तो इंग्रजीच्या नियमाने कुठेही तुटतो. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, त्यामुळे वेलांटी एका ओळीत आणि तिचं अक्षर दुसऱ्या ओळीत, असाही प्रकार होतो. कृतिदेवसारख्या फाँटात तर हायफनच्या जागी पूर्णविराम बसलेला आहे, म्हणजे शब्दाच्या मध्येच वाक्य संपल्यासारखं दिसतं. शक्य असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आणूनच पुढे जा.

तिसरं, मजकुराची भाषा मराठी लावा. हिंदी नाही. एक मिनिटाचं काम आहे.

आता खरा प्रश्न, शब्द कुठे तुटला तर चालतो. मशीनला मराठी शब्दतोडीची फाइल दिली तर ते जोडाक्षर फोडत नाही, काना-मात्रा अक्षरापासून सोडवत नाही, अनुस्वार मागच्या अक्षराला चिकटलेला ठेवतं. इथपर्यंत छान. पण बाकी कुठल्याही दोन अक्षरांच्या मध्ये तोडायला त्याची हरकत नसते, आणि तिथेच घोळ होतो. ‘मरा-ठवाडा’ मशीनच्या हिशेबाने बरोबर आहे. ‘नवरा-त्र’ बरोबर आहे. ‘माज-लगाव’सुद्धा बरोबर आहे. माजलगावच्या माणसाच्या हातात तो अंक देऊन बघा.

म्हणून शब्द तोंडाने म्हणून बघायचा. ‘मराठवाडा’ म्हणताना ‘ठ’वर आवाज अडतो, तो पूर्ण उच्चारला जात नाही, म्हणजे ‘ठ’ मागच्या भागाचा. तोडायचं ‘मराठ-वाडा’. तसंच ‘माजल-गाव’, ‘बोल-तात’, ‘सर-पंच’. अकारान्त दिसणारं अक्षर बोलताना अर्धं होत असेल तर ते पुढच्या ओळीच्या सुरुवातीला टाकू नका, वाचणारा तिथे ठेचकाळतो.

रफाराचं प्रकरण वेगळं आहे. रफार लिहिला जातो पुढच्या अक्षरावर, पण उच्चारला जातो मागच्या अक्षरासोबत. ‘का-र्यक्रम’ तोडलं तर ‘र’चा आवाज ‘का’ला हवा असताना तो खालच्या ओळीत जाऊन बसतो. म्हणून रफाराच्या अक्षराआधी तोडायचं नाही, नंतर तोडायचं: ‘कार्य-क्रम’, ‘मार्ग-दर्शन’. ‘विद्यार्थी’त अशी जागाच मिळत नाही. ‘विद्या-र्थी’ चुकीचं, ‘वि-द्यार्थी’ केलं तर एक अक्षर मागे उरतं. तो शब्द तोडूच नका. तीन अक्षरी शब्दही तोडू नका. ‘पुस्तक’ आपण ‘पुस्’ आणि ‘तक’ असं म्हणतो, पण छापताना ‘स्त’ फोडता येत नाही, मग ‘पु-स्तक’ किंवा ‘पुस्त-क’ एवढंच हाती राहतं. दोन्ही नको.

जोडशब्दात जोड जिथे आहे तिथेच तोडा. एक वाक्य घेऊ, असलं वाक्य आपल्या अंकात येणारच: ‘मुक्तिसंग्रामातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबीयांचा पालकमंत्र्यांच्या हस्ते सत्कार’. अरुंद कॉलममध्ये हे वाक्य शब्द न तोडता बसवलं तर ओळीत दोन शब्द आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी फट. म्हणजे तोडावं लागणार. ‘मुक्ति-संग्रामातल्या’ ठीक, पण ‘मुक्तिसं-ग्रामातल्या’ झालं तर खालच्या ओळीत गाव उगवतं. ‘स्वातंत्र्य-सैनिकांच्या’ ठीक. ‘कुटुंबीयांचा’ला नीट जोड नाही, ‘कुटुं-बीयांचा’ चालेल, पण ‘कुटुंबी-यांचा’ नको, कारण ‘यांचा’ हा स्वतंत्र शब्द आहे आणि वाचणारा मागे वळून कोणाचा ते शोधतो. ‘पालक-मंत्र्यांच्या’ बरोबर, ‘पाल-कमंत्र्यांच्या’ छापलं तर पुढच्या वर्षी जाहिरात मागायला जाऊ नका. ‘जिल्हाधिकारी’त संधी आहे, ‘जिल्हा’ आणि ‘अधिकारी’ वेगळे काढता येत नाहीत, तेव्हा ‘जिल्हाधि-कारी’ करा.

शब्दयोगी अव्यय सुटं झालं तर चालतं: ‘शेतकऱ्यां-साठी’ सरळ वाचता येतं. नुसता विभक्तीचा प्रत्यय मात्र एकटा खाली ढकलू नका. ‘नी’, ‘चा’, ‘च्या’ ओळीच्या सुरुवातीला पोरके दिसतात.

हे आकडा भरून सुटत नाही, हे लक्षात घ्या. रायटरमध्ये ओळीच्या शेवटी आणि सुरुवातीला निदान किती अक्षरं हवीत हे सांगता येतं, आणि दोन्हीकडे दोनचा आकडा आधीपासून असतो. पण मशीन काना, वेलांटी, हलन्ताची खूण सगळं वेगवेगळं मोजतं. ‘चा’ म्हणजे दोन. ‘त्र’ म्हणजे तीन. ‘च्या’ म्हणजे चार, आणि ‘साठी’ पण चारच. पाचाचा आकडा टाकला तर ‘च्या’ अडतो, पण चांगला ‘साठी’सुद्धा अडतो. मी पुढच्या ओळीसाठी चार आणि मागच्या ओळीसाठी तीन ठेवतो. त्याने ‘नवरा-त्र’ थांबतं, ‘मरा-ठवाडा’ थांबत नाही, कारण ‘मरा’ची तीन भरतात. खरं सांगायचं तर लहान अंकाला आपोआप शब्द तोडण्याची ही सोय बंद ठेवलेली बरी. रुंद, एका कॉलमच्या पानाला तर तिची गरजच नसते.

तिच्याऐवजी तयारी म्हणून असं करा. मजकुरात वारंवार येणाऱ्या लांब शब्दांची यादी काढा: मराठवाडा, मुक्तिसंग्राम, स्वातंत्र्यसैनिक, पालकमंत्री, ग्रामपंचायत, गंगाखेड, माजलगाव. प्रत्येक शब्दात योग्य जागी सॉफ्ट हायफन (साधी रेघ नव्हे, सॉफ्ट हायफन) घाला, तो शब्द कॉपी करून बदलाच्या चौकटीत चिकटवा आणि सगळीकडे बदलून घ्या. विभक्तीची रूपंही आहेत, ‘मराठवाडा’ बदलून ‘मराठवाड्यात’ बदलत नाही, म्हणून नुसतं ‘मराठवाड’ शोधलेलं बरं. सॉफ्ट हायफन बसले का हे बघायला रायटरमध्ये Ctrl+F8 दाबा, ते राखाडी दिसतात.

माणसांची नावं तोडायची नाहीत, मथळे तोडायचे नाहीत. मथळ्याच्या स्टाइलमध्येच शब्दतोड बंद करा, आणि सगळीकडे बदलताना मथळ्यांत सॉफ्ट हायफन शिरले असतील तर ते काढून टाका. ‘डॉ.’ आणि नाव, ‘१७’ आणि ‘सप्टेंबर’ यांच्यामध्ये न तुटणारी जागा द्या, रायटरमध्ये Ctrl+Shift+Space.

आता शेवटची दुरुस्ती झाल्यावर. शेवटची म्हणजे खरोखर शेवटची, अध्यक्षांचं मनोगत बदलून आलं, उशिराची जाहिरात बसली, त्याच्या नंतरची. फाइलमध्ये कोणी ना कोणी साधी रेघ मारलेलीच असते. ऑपरेटरने मारली असेल, लेखकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या मजकुरातून आली असेल. रायटरच्या शोधाच्या चौकटीत रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण करून हे टाका:

```
[\u0900-\u097F]-[\u0900-\u097F]
```

दोन मराठी अक्षरांच्या मध्ये बसलेली प्रत्येक साधी रेघ सापडते. सॉफ्ट हायफन यात येत नाहीत, ते वेगळे `\u00AD` ने सापडतात. ‘सगळे बदला’ दाबू नका. ‘आई-वडील’, ‘तीन-चार’ यांची रेघ हक्काची आहे, ती जाईल. एकेक बघत जा. हा शोध दुरुस्तीआधी केला असेल तरी नंतर पुन्हा करा. फाँटचा आकार अर्ध्या पॉइंटने कमी केला तरी पुन्हा करा. साधी रेघ ओळीच्या कडेला असते तोवर ती बरोबरच दिसते, म्हणून नुसत्या नजरेने ती पकडता येत नाही.

मग पीडीएफ. कागदावर प्रूफ काढा, मजकूर वाचू नका, फक्त कॉलमच्या उजव्या कडा वरून खाली आणि मग डाव्या कडा. लागोपाठ दोनपेक्षा जास्त ओळी रेघेवर संपत असतील तर एखादा शब्द अखंड खाली घ्या. पानाच्या शेवटच्या ओळीत तुटलेला शब्द ठेवू नका. फाइल प्रेसला द्याल ती पीडीएफ द्या, मूळ फाइल नको, तिथल्या मशीनवर फाँट बदलला की सगळ्या ओळी पुन्हा हलतात. प्लेट काढण्याआधी तोच शोध आणखी एकदा.